ऑडिट लॉग वरच्या प्लॅनमध्ये कसा गेला आणि खाली कसा आला

१५ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या सायबर सुरक्षा विभागाला एक अलर्ट आला. तिथल्या लोकांनी स्वतःच एक नियम लिहून ठेवला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं ‘बिग यलो टॅक्सी’. मेलबॉक्समधले मेल कुठल्या अ‍ॅपमधून उघडले जातात हे तो नियम बघायचा. त्या दिवशी ओळखीचं नसलेलं अ‍ॅप दिसलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मायक्रोसॉफ्टला कळवलं. मायक्रोसॉफ्टने पुढे ‘स्टॉर्म-०५५८’ या चिनी गटाचं नाव घेतलं. २०१६ सालची मायक्रोसॉफ्टची एक साइनिंग की त्या गटाच्या हाती लागली होती. तिच्या जोरावर लॉगिन झाल्याचा पुरावा मानली जाणारी टोकन बनावट तयार करून ते लोक थेट मेल वाचत होते. पासवर्ड चोरायची गरजच नव्हती, म्हणून लॉगिनवर नजर ठेवणाऱ्यांच्या हाती फारसं काही लागलं नसतं.

हे पकडलं गेलं ते `MailItemsAccessed` या एका नोंदीमुळे. मेल उघडला गेला की ऑडिट लॉगमध्ये ही नोंद पडते आणि तिच्यासोबत अ‍ॅपचा आयडीही येतो. पण त्या काळी ही नोंद सगळ्यांना मिळत नव्हती. ती मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ई५ या सर्वांत वरच्या प्लॅनमध्ये होती, सरकारी खात्यांसाठी जी५ मध्ये. परराष्ट्र खात्याकडे जी५ होता. खालच्या ई३ प्लॅनवाल्यांकडे ही नोंदच पडत नव्हती, म्हणजे शोधायचं ठरवलं तरी शोधायला काही नव्हतं. त्या वेळी अमेरिकेतला यादीतला दर ई३ साठी माणशी महिना ३६ डॉलर आणि ई५ साठी ५७ डॉलर होता.

अशी विभागणी एकट्या मायक्रोसॉफ्टची नाही. तिचं मूळ सिंगल साइन-ऑनच्या, म्हणजे एकाच लॉगिनने सगळी अ‍ॅप उघडायच्या सोयीच्या, किमतीत दिसतं. सॅमल २.० हे त्यासाठीचं खुलं मानक मार्च २००५ मध्ये आलं. कंपनीचा लॉगिन सर्व्हर सही केलेली एक एक्सएमएल चिठ्ठी देतो आणि समोरचं अ‍ॅप सही तपासून माणसाला आत घेतं, एवढंच ते काम. ऑनलाइन सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या लक्षात आलं की ही सोय मुख्यतः मोठ्या कंपन्या मागतात आणि मागणाऱ्याला ती टाळता येत नाही. त्यामुळे कोण जास्त पैसे देऊ शकतं हे ओळखायची ती सोपी खूण झाली. गिटहबने मार्च २०१७ मध्ये बिझनेस प्लॅन आणला तेव्हा सॅमल त्यातच ठेवलं, दर माणशी महिना २१ डॉलर. आज तोच प्लॅन एंटरप्राइझ नावाने आहे. खालच्या टीम प्लॅनचा दर एप्रिल २०२० मध्ये ४ डॉलर झाला, पण सॅमल वरच राहिलं.

पुण्यातल्या ४० जणांच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीचा हिशोब करून बघा. टीममध्ये महिन्याला १६० डॉलर, एंटरप्राइझमध्ये ८४०. वरचे ६८० डॉलर तिला मुख्यतः सॅमलसाठी मोजावे लागतात, कारण रीड, राइट, अ‍ॅडमिन हे साधे रोल खालीही मिळतात. स्वतःच्या गरजेप्रमाणे घडवलेले रोल मात्र वरच. ही कंपनी सहसा सॅमल सोडते. मग माणूस नोकरी सोडून गेला की प्रत्येक सेवेत जाऊन त्याचं खातं हाताने बंद करावं लागतं आणि एखादं राहून जातं. सर्टिफिकेट संपलं किंवा ई-मेलचा अ‍ॅट्रिब्यूट चुकीचा जोडला म्हणून सपोर्टला येणारे फोन खरे आहेत, त्याचा खर्चही खरा आहे. तरीही पाचपटीहून जास्त दर त्यातून निघतो असं मला वाटत नाही.

२०२३ च्या घटनेनंतर लॉगच्या बाबतीत मात्र फरक पडला. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सीसा उघडपणे म्हणत होती की असे लॉग जादा पैसे न घेता मिळाले पाहिजेत. जुलै २०२३ मध्येच मायक्रोसॉफ्टने सविस्तर नोंदी खालच्या प्लॅनमध्ये देण्याचं आणि लॉग ९० ऐवजी १८० दिवस ठेवण्याचं जाहीर केलं. वर्षभराची साठवण ई५ कडेच राहिली.

तुमच्याकडे ई३ असेल तर पॉवरशेलमधून एक्स्चेंज ऑनलाइनला जोडून हे चालवून बघा (तारखा आपल्या घाला, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस):

```
Search-UnifiedAuditLog -StartDate 2025-06-01 -EndDate 2025-06-02 -Operations MailItemsAccessed
```

रोज मेल वाचले जात असूनही काहीच आलं नाही, तर आधी ऑडिटिंग चालू आहे का ते बघा आणि मग मेलबॉक्स ज्याचा आहे त्याला कुठलं लायसन्स दिलंय ते. नोंदी आल्या तर प्रत्येकीतला अ‍ॅपचा आयडी वाचा. ‘बिग यलो टॅक्सी’ला खटकला होता तो हाच रकाना.