ओव्हरऑल स्केल की ॲनोटेटिव्ह? कागदावरचे अडीच मिलिमीटर कोण सांभाळतं

एकाच घराचा प्लॅन १:१०० ला काढलाय आणि त्यातल्याच टॉयलेटचं डीटेल त्याच शीटवर १:२० ला दाखवायचंय. ऑटोकॅडमध्ये दोन व्ह्यूपोर्ट उघडले, प्रिंट मारली. प्लॅनमधली मापं सुबक दिसतात, डीटेलमध्ये मात्र टाइलच्या ओळीवर ‘900’ असा सव्वा सेंटिमीटर उंचीचा आकडा बसलेला. ड्राफ्टिंगमध्ये नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून हे होतं. मग तो डायमेन्शन स्टाइलच्या खिडकीत शिरतो, टेक्स्टची उंची कमी करतो, आणि आता प्लॅनमधली मापं वाचता येईनाशी होतात.

या घोळाचं मूळ त्या खिडकीच्या `Fit` टॅबमध्ये आहे. `D` टाइप करून एंटर द्या, स्टाइल निवडून `Modify` करा आणि `Fit` उघडा. उजवीकडे `Scale for dimension features` या चौकटीत `Annotative` आणि `Use overall scale of` हे दोन पर्याय एकाखाली एक दिसतात. मध्ये `Scale dimensions to layout` हाही एक आहे, पण तो मी आज बाजूला ठेवतो. पहिले दोन इतके शेजारी बसलेत, की दोन्ही एकच काम करतात असं वाटतं. काम एकच आहे हे खरं, पण गुणाकार कोणी करायचा यात त्यांचं पटत नाही.

आधी गुणाकार समजून घेऊ. आपण मॉडेल स्पेसमध्ये खऱ्या मापाने काढतो. फाइल मिलिमीटरमध्ये असेल तर ३ मीटरची भिंत म्हणजे ३००० युनिट. हीच भिंत १:१०० ला छापली की कागदावर ३० मिलिमीटर उरते. मापाचा आकडाही याच मॉडेलमध्ये बसलेला असतो, त्यामुळे तोही शंभर पटीने लहान होतो. कागदावर अडीच मिलिमीटरचा आकडा हवा, तर मॉडेलमध्ये तो २५० युनिट उंच असायला हवा. बाणाचं आणि एक्स्टेन्शन लाइनच्या टोकाशी सोडलेल्या जागेचंही हेच. ऑटोकॅडसोबत येणाऱ्या `ISO-25` स्टाइलमध्ये टेक्स्टची उंची आणि बाणाची लांबी दोन्ही २.५ आहेत, एक्स्टेन्शन लाइनची सुरुवात ०.६२५ वर सुटते आणि ती डायमेन्शन लाइनच्या पुढे १.२५ जाते. हे सगळे आकडे कागदावरचे समजायचे. बाणाऐवजी तिरकी रेघ वापरणाऱ्या आपल्याकडच्या बिल्डिंग नकाशांत मला ती १.५ ची बरी वाटते, अडीचची रेघ आकड्यालाच झाकते. ही माझी सवय, नियम नव्हे.

`Use overall scale of` मध्ये १०० लिहिलं की हे सगळे आकडे शंभराने गुणले जातात. हा गुणक स्टाइलमध्ये कोरला जातो, आणि त्या स्टाइलची प्रत्येक डायमेन्शन मॉडेलमध्ये २५० युनिटचा आकडा घेऊनच जन्माला येते. पुढे तिला कुठल्या व्ह्यूपोर्टमधून बघताय याच्याशी तिला देणंघेणं नाही. १:१०० मधून पाहिलं तर अडीच मिलिमीटर, १:५० मधून पाच, १:२० मधून साडेबारा. वरच्या टॉयलेटमधला तो ‘900’ इथूनच आला.

यावरचा जुना उपाय म्हणजे प्रत्येक स्केलला वेगळी स्टाइल आणि वेगळा लेयर. `DIM-100`, `DIM-50`, `DIM-20` अशी नावं ठेवायची, शेवटच्या स्टाइलचा ओव्हरऑल स्केल २० ठेवायचा, म्हणजे तिचा आकडा मॉडेलमध्ये ५० युनिट उंच होतो. ज्या व्ह्यूपोर्टमध्ये जो लेयर नको तो तिथे फ्रीझ करायचा. ही पद्धत चालते, वर्षानुवर्षं चालली. अडचण येते ती साहेब म्हणतात, ‘आकडे थोडे मोठे करा, तीन करा,’ तेव्हा. तिन्ही स्टाइल उघडून बदल करावा लागतो, एक राहिली की शीटवर दोन उंचीचे आकडे. शिवाय १:१०० आणि १:५० या दोन्ही शीटवर भिंतीचं तेच माप हवं असेल, तर ते दोनदा द्यावं लागतं. भिंत सरकली आणि त्यातलं एक माप तिला जोडलेलं नसलं, तर जुना आकडा तसाच बसून राहतो.

ॲनोटेटिव्ह ऑटोकॅड २००८ पासून आलं. इथे स्टाइलमध्ये फक्त कागदावरची मापं राहतात, म्हणजे टेक्स्ट २.५ आणि बाण २.५. गुणक प्रत्येक डायमेन्शन स्वतःच्या अंगावर बाळगते. डायमेन्शन देताना खालच्या स्टेटस बारवर ॲनोटेशन स्केल १:१०० असेल तर तिला १:१०० मिळतो. तिलाच पुढे १:२० सुद्धा देता येतो: डायमेन्शन निवडा, `OBJECTSCALE` चालवा, `Add` करून १:२० घाला. आता एकच डायमेन्शन १:१०० च्या व्ह्यूपोर्टमध्ये २५० युनिटच्या आकड्याने दिसते आणि १:२० मध्ये ५० युनिटच्या. कागदावर दोन्हीकडे अडीच मिलिमीटर. भिंत सरकली तरी माप एकच आहे, दोन ठिकाणी खोटं ठरायला जागा नाही. दर स्केलला डायमेन्शन लाइनची जागाही वेगळी ठेवता येते, म्हणजे डीटेलमध्ये ती भिंतीच्या जवळ ओढली तरी प्लॅनमधली जागची हलत नाही.

कोणती डायमेन्शन कुठल्या जातीची हे ओळखणं सोपं आहे. तिच्यावर कर्सर नेला की ॲनोटेटिव्ह असेल तर बाजूला त्रिकोणी स्केलपट्टीचं छोटं चिन्ह उमटतं. एकापेक्षा जास्त स्केल असतील तर दोन पट्ट्या एकमेकींवर दिसतात. स्टाइलच्या यादीतही तशा स्टाइलच्या नावापुढे हेच चिन्ह असतं.

खरी गंमत सुरू होते ती एका जातीतून दुसरीत जाताना. एका ऑफिसमधून आलेल्या फाइलमध्ये मला `Text height` मध्ये थेट २५० सापडला होता. कुणीतरी ओव्हरऑल स्केलच्या फंदात न पडता, तो १ वरच ठेवून, गुणाकार हातानेच उरकला होता. वर आमच्या पोराने `Annotative` ला टिक केली. ॲनोटेटिव्ह स्टाइल २५० चा अर्थ ‘कागदावर २५० मिलिमीटर’ असा लावते. पुढच्या मापाचा आकडा मॉडेलमध्ये २५,००० युनिटचा, म्हणजे पंचवीस मीटर उंच झाला. स्क्रीन काळीकुट्ट झाली, पोराला वाटलं फाइल करप्ट झाली. काहीही झालं नव्हतं, आपण एका अक्षराच्या पोटात उभे होतो. ॲनोटेटिव्ह करण्याआधी `Text` आणि `Symbols and Arrows` या टॅबमधले आकडे कागदी मापावर आणायला हवेत, बाण विसरू नका.

दुसरा घोटाळा असा की टिक केल्यावर नवीन मापं बरोबर येतात आणि जुनी तशीच राहतात. स्टाइल ॲनोटेटिव्ह केली म्हणून आधी दिलेल्या डायमेन्शन आपोआप तशा होत नाहीत. त्यांना स्टाइल पुन्हा लावावी लागते. ती स्टाइल चालू ठेवा आणि हे टाइप करा:

```
-DIMSTYLE
Apply
```

मग जुनी मापं निवडून एंटर द्या.

तिसरा घोटाळा दोन्ही जातींना छळतो. डायमेन्शन ज्या टेक्स्ट स्टाइलने लिहिली जाते, त्या टेक्स्ट स्टाइलमध्येच उंची भरलेली असेल तर `Text height` ची चौकट करडी होते आणि तिथला आकडा चालत नाही. मग ओव्हरऑल स्केल कितीही बदला, बाण लहानमोठे होतात आणि आकडा तसाच राहतो. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. `STYLE` कमांडने टेक्स्ट स्टाइल उघडून उंची ० करा, सूत्रं पुन्हा डायमेन्शन स्टाइलच्या हातात येतात.

ॲनोटेटिव्ह मापं व्ह्यूपोर्टमधून गायब होतात ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि बहुतेकदा ती सॉफ्टवेअरची चूक नसते. १:२० च्या व्ह्यूपोर्टमध्ये तीच डायमेन्शन दिसते जिच्या अंगावर १:२० आहे. लोक घाबरून `ANNOALLVISIBLE` १ करतात. मापं परत दिसतात खरी, पण स्वतःच्या जुन्या स्केलच्या आकारात, म्हणजे तोच सव्वा सेंटिमीटरचा आकडा पुन्हा. याउलट `ANNOAUTOSCALE` चालू ठेवला तर स्केल बदलला रे बदलला की सगळ्या ॲनोटेटिव्ह वस्तूंना तो चिकटतो, आणि टॉयलेटच्या डीटेलमध्ये शेजारच्या बेडरूमची मापं डोकावू लागतात. मी तो बंद ठेवतो आणि हवा तो स्केल हवा त्याच डायमेन्शनला हाताने देतो.

मीटरमध्ये काढणाऱ्यांनी इथे थांबावं. मंजुरीचे नकाशे मीटरमध्ये काढणारे बरेच आहेत, त्यांच्या फाइलमध्ये ३ मीटरची भिंत ३ युनिटची असते. ओव्हरऑल स्केल १०० टाकला तर २५० मीटरचा आकडा येईल. १:१०० ला अडीच मिलिमीटर हवे तर मॉडेलमध्ये ०.२५ हवेत, म्हणून गुणक ०.१. १:२० साठी ०.०२. ॲनोटेटिव्हमध्येही यादीतला तयार १:१०० चालत नाही, कारण तो एका कागदी युनिटला शंभर ड्रॉइंग युनिट धरतो. `SCALELISTEDIT` मध्ये नवीन स्केल बनवा, कागदाची युनिट १००० आणि ड्रॉइंगची १०० भरा, नाव असं ठेवा की मीटरचा आहे हे कळेल. हाच स्केल व्ह्यूपोर्टलाही द्यायचा.

व्ह्यूपोर्टला स्केल दिल्यावर तो लगेच लॉक करा. आत क्लिक करून माउसचं चाक एक घर फिरलं की व्ह्यूपोर्टचा स्केल बदलतो, पण डायमेन्शनचा ॲनोटेशन स्केल जुनाच राहतो, आणि आकडा अडीचचा राहत नाही. स्क्रीनवर हे नजरेला जाणवतही नाही.

एकच प्लॅन, एकच स्केल, एकच शीट असेल तर मी आजही ओव्हरऑल स्केलच वापरतो. स्केलच्या याद्या सांभाळण्यात वेळ का घालवायचा? स्ट्रक्चरल किंवा प्लंबिंगवाल्यांकडे फाइल जाणार असेल आणि ते कशात उघडतील याची खात्री नसेल, तेव्हाही मला तेच बरं वाटतं, आकडा मॉडेलमध्ये जसा आहे तसाच त्यांना दिसतो. पण एकच भूमिती दोन स्केलला छापायची वेळ आली की ॲनोटेटिव्हला पर्याय नाही, आणि ते कामाच्या मध्यावर नव्हे, पहिलं माप देण्याआधी ठरवायचं.

छापून झाल्यावर स्टीलची पट्टी घ्या आणि आकड्याची उंची मोजा. दोन्ही व्ह्यूपोर्टमध्ये अडीच भरले तर स्टाइल बरोबर आहे. दोन्हीकडे सारखेच कमी भरले, समजा २.४, तर स्टाइलला हात लावू नका. प्लॉट करताना `Fit to paper` ची टिक राहिली असेल, किंवा पीडीएफ छापताना प्रिंटरने पान आक्रसून घेतलं असेल. एकीकडे अडीच आणि दुसरीकडे वेगळं भरलं, तरच `Fit` टॅब उघडा.