सहाची गोळी आणि बोर्डाचं घड्याळ

आमच्या खानापूर भागात पाऊस लागला की लाइट जाते आणि तिच्याबरोबर राउटरही बंद पडतो. गेल्या श्रावणात अशाच एका सकाळी आईनं आठ वाजून गेल्यावर विचारलं, "आज गोळीचा आवाज कसा आला नाही रे?"

थायरॉइडची गोळी ती सकाळी सहाला उपाशीपोटी घेते. त्यासाठी मी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर एक रास्पबेरी पाय कायम चालू ठेवला आहे. तळहाताएवढा हा संगणक बहिणीच्या आवाजात म्हणतो, "आई, गोळी घेतलीस का?" मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये आईच्या औषधांची यादी भरायची नव्हती. इथं ती यादी घराबाहेर जात नाही आणि आवाजही घरातल्याच माणसाचा.

त्या रात्री लाइट 1:50 ला गेली आणि 5:40 ला आली, म्हणजे सहाच्या आधीच. मग गोळी का चुकली?

भिंतीवरचं घड्याळ सेलवर चालतं. माझ्या जुन्या रास्पबेरी पायच्या बोर्डात तसा सेलच नाही. बंद असताना किती वेळ गेला हे त्याला कळत नाही. तो तासातून एकदा वेळ मेमरी कार्डावर लिहून ठेवतो आणि चालू झाला की तिथूनच मोजायला लागतो. शेवटची नोंद 1:17 ची होती, त्यामुळे 5:40 ला तो 1:17 समजूनच उठला. चूक 4 तास 23 मिनिटांची. आठला इंटरनेट आलं तेव्हा त्याच्या लेखी 3:37 वाजले होते. नेटवरून खरी वेळ मिळताच त्यानं एकदम आठवर उडी मारली.

या उडीत सहा वाजलेच नाहीत. वेळेवर काम करणारा `cron` तीन तासांपेक्षा छोटी उडी असेल तर मधली राहिलेली कामं लगेच उरकतो. उडी त्याहून मोठी असेल तर घड्याळच दुरुस्त केलं असं धरतो आणि मधली कामं सोडून देतो. आमची आठवण त्यातच गेली.

बंद घड्याळ घरात ठेवलं तर अपशकुन होतो, असं आमच्याकडं अजून मानतात. त्यात काही तथ्य नाही. बंद घड्याळ बंद आहे हे दिसतं तरी; चुकीची वेळ दाखवत चालणाऱ्या घड्याळावर माणूस विश्वास ठेवतो आणि औषध चुकतं.

उपाय म्हणजे बोर्डाला सेलवर चालणारं घड्याळ जोडणं. मी `DS3231` ही चिप असलेलं छोटं मॉड्यूल बसवलं. त्याच्या आत क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. म्हणून पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक ठोका उरतो, तोच सेकंद.

पण स्फटिकाला हवामान बाधतं. साधारण 25 अंशांना तो नेमका चालतो. त्याहून गरम झाला तरी मंदावतो, थंड झाला तरी मंदावतो. तापलेल्या बोर्डाशेजारी 45 अंश झाले तर साधा स्फटिक दिवसाला सेकंदभर मागं पडतो. ही चिप मात्र दर 64 सेकंदांनी स्वतःचं तापमान मोजते आणि स्फटिकाला जोडलेली धारिता तेवढीच कमीजास्त करून त्याचा वेग सावरते. त्यामुळे वर्षभरात चूक होते ती मिनिटाभराचीच. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं: तापमान टाळता येत नाही, म्हणून ते मोजून त्याची भरपाई करायची.

मॉड्यूल पिनांवर बसवून `config.txt` मध्ये एक ओळ घालायची:

```
dtoverlay=i2c-rtc,ds3231
```

कार्डावर वेळ लिहून ठेवणारं `fake-hwclock` काढून टाकायचं, बोर्ड पुन्हा सुरू करायचा आणि नेट असताना `sudo hwclock -w` देऊन खरी वेळ चिपमध्ये भरायची. नव्या रास्पबेरी पाय 5 वर घड्याळ आधीच असतं, पण त्याचा सेल वेगळा आणून जोडावा लागतो.

एवढं करूनही ऐन सहालाच लाइट नसेल तर आठवण होणार नाही. म्हणून `cron` सोडून मी `systemd` चा टायमर लावला:

```
[Timer]
OnCalendar=*-*-* 06:00:00
Persistent=true
```

शेवटच्या ओळीमुळे लाइट 6:20 ला आली तर बोर्ड सुरू होताच राहिलेली आठवण होते. मात्र दुपारी बाराला "गोळी घेतलीस का" ऐकून आईनं जेवणावर गोळी घ्यावी, हे मला नको. म्हणून दोन तासांहून जास्त उशीर झाला तर दुसरा आवाज लागतो: "सकाळची गोळी राहिली असेल तर मला फोन कर."

तुमचा बोर्ड तपासायचा असेल तर राउटर बंद करा, बोर्ड नीट बंद करून प्लग काढा, दोन तासांनी लावा आणि `timedatectl` द्या. `RTC time` समोर `n/a` आलं तर घड्याळ जोडलेलं नाही. तिथं 2000 सालातली तारीख दिसली तर घड्याळ आहे, पण सेल संपला आहे.