चार थरांचा सांधा

बेळगावच्या उद्यमबागेत एका छोट्या पत्राकामाच्या शेडमध्ये वडगावच्या यंत्रमागांना ताजी हवा नेणारी डक्ट तयार होत होती. आत 300 मिलिमीटर रुंद आणि 200 उंच, पत्रा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, 24 गेजचा, साधारण 0.6 मिलिमीटर जाड. चार बाजूंची बेरीज 1000. मामांनी मात्र पत्रा 1024 कापला.

जास्तीचे 24 कशाला? सांधा 8 मिलिमीटर रुंद ठेवायचा होता. पत्र्याच्या दोन कडा आकड्यासारख्या वळवून एकमेकींत अडकवल्या की त्या पट्टीत पत्र्याचे चार थर येतात. त्यातला एक थर भिंतीचाच असतो, उरलेले तीन वरचे. तीन गुणिले आठ, चोवीस. सांधा 300 च्या बाजूच्या मधोमध हवा, म्हणून आखणी अशी: 12 अधिक 150, मग 200, 300, 200, आणि शेवटी 150 अधिक 12.

आधी कडांच्या घड्या, मग चार कोपरे. कोपरे आधी वळवले तर कडा फोल्डिंग मशीनच्या जबड्यात नीट बसतच नाहीत. दोन्ही कडांवर 8 ची रेघ मारली, पण एक घडी वर आणि दुसरी खाली. दोन्ही एकाच दिशेला वळवल्या तर डक्ट गुंडाळल्यावर आकडे एकमेकांत अडकत नाहीत. नव्या पोरांची ही चूक हमखास होते.

मशीन घडी पूर्ण मिटवत नाही, राहिलेली लाकडी हातोड्याने बसवावी लागते. इथे मामा घडीत त्याच पत्र्याचा एक तुकडा ठेवतात.

"दाबून बंद केलीस की दुसरी कड आत जाणार कुठनं? तुकडा सहज सरकतोय का बघ की," ते म्हणाले.

कोपरा वळवताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. हात काढला की ताण थोडा सुटतो आणि पत्रा किंचित मागे उघडतो. म्हणून काटकोन हवा असेल तर मशीन एक-दोन अंश पुढे न्यायची. नेमके किती, ते पत्र्याच्या जातीवर ठरते, त्यामुळे आधी त्याच पत्र्याच्या तुकड्यावर वळवून बघायचे.

आकडे अडकवल्यावर नुसते ठोकून भागत नाही. चपटा झालेला सांधा डक्ट पिळली की सरकून सुटतो. त्यासाठी ग्रूव्हर लागतो: खाली खाच असलेली पोलादी छिन्नी, खाच सांध्यापेक्षा जराशी रुंद. आधी दोन्ही टोके बसवायची, मग मधला भाग. ग्रूव्हर सांध्याच्या कडेचा पत्रा खाली दाबून पायरी करतो आणि त्या पायरीमुळे आकड्याला मागे सरकता येत नाही. बोट फिरवले की पायरी सलग लागते. जिथे नाहीशी होते, तिथे परत ठोकायचे.

एवढे करूनही सांधा हवाबंद नसतो, त्यावर सीलंट लागतेच. आणि घडीच्या बाहेर पांढुरक्या बारीक भेगा दिसल्या तर जस्त तडकले आहे. शेजारचे जस्त आधी झिजून लोखंड वाचवते, पण बारीक भेगांपुरतेच. खानापूरकडच्या पावसात रुंद भेग उघडी ठेवली की तिथूनच गंज धरतो.