बी-कॉम्प्लेक्स खाऊनही ओठांचे कोपरे का फाटतात?

कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढ्यात आहे, पण घास घ्यायला तोंड उघडलं की दोन्ही कोपरे चरचरतात. घरात लगेच निदान होतं: उष्णता झाली. मेडिकलवरून बी-कॉम्प्लेक्सची पट्टी येते. कधी बरं वाटतं, कधी नाही, आणि महिन्याभरात कोपरे पुन्हा फाटतात.

खानदेशातल्या मे महिन्यात ओठ सुकतात हे खरं, पण उन्हानं फुटतो तो अख्खा ओठ. कोपरे फाटतात ते बहुतेकदा ओले राहून. घडीत लाळ साचते, कातडी पांढरट आणि लिबलिबीत होते, आणि तोंड उघडताच तिला चीर पडते. कॅन्डिडा ही बुरशी अनेकांच्या तोंडात एरवी काही त्रास न देता राहत असते. ओली, चिरलेली कातडी मिळाली की ती तिथे वाढते. पिवळसर, मधासारखी खपली धरली असेल, तर स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचीही शंका घ्यावी. दोघं एकत्रही असतात.

यावल तालुक्यातल्या एका मावशींचं उदाहरण घेऊ. नाव-गाव काल्पनिक समजा, पण अशा मावशी घरोघरी आहेत. वय ६२, दहा वर्षांपूर्वी बसवलेली कवळी, गळ्यात माळ, त्यामुळे मांस-अंडी वर्ज्य. दूध डेअरीला जातं, घरात राहतं ते चहापुरतं. गुडघे दुखतात म्हणून वेदनाशामक गोळ्या वर्षभर चालू.

आधी कवळी बघावी. दात गेले की जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं, आणि जुनी कवळीही घासते. त्यामुळे तोंड मिटल्यावर नाक-हनुवटीतलं अंतर कमी होतं, कोपऱ्यांना खोल घडी पडते आणि लाळ तिथून ओघळते. मावशी कवळी रात्रीही काढत नाहीत. ती काढून टाळू पाहिली, तर कवळीखालचा भाग नेमका तेवढाच लालभडक दिसतो. दुखत नाही, म्हणून कुणी बघितलेला नसतो. बुरशीचं खरं बिऱ्हाड तिथे असतं. नुसत्या कोपऱ्यांना मलम लावलं की आठवड्यात बरं वाटतं आणि टाळूवरून बुरशी परत येते.

आता रक्त. तोंडातलं अस्तर सतत झिजतं आणि नव्यानं बनतं. त्यासाठी लोह, फोलेट, बी-१२ आणि बी-२, म्हणजे रायबोफ्लेविन, लागतं. १९३८ साली अमेरिकेत सेब्रेल आणि बटलर या संशोधकांनी काही स्त्रियांना रायबोफ्लेविन फार कमी असलेला आहार दिला, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकींचे ओठांचे कोपरे फाटले आणि ते जीवनसत्त्व दिल्यावर भरून आले. बी-कॉम्प्लेक्सची ख्याती खोटी नाही, ती अपुरी आहे. त्या पट्टीत लोह बहुधा नसतंच.

मावशींचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं (स्त्रियांमध्ये १२च्या खाली म्हणजे रक्तक्षय), आणि लाल पेशींचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्ही ७२. तो साधारण ८० ते १०० असतो. पेशी लहान, म्हणजे संशय लोहावर. शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन तपासलं की खात्री होते. बी-१२ कमी असेल तर पेशी मोठ्या होतात. दोन्ही कमी असली तर एमसीव्ही चक्क नॉर्मल दिसू शकतो, म्हणून शाकाहारी माणसाचं बी-१२ वेगळं तपासलेलं बरं. सोबत साखरही बघावी, कारण मधुमेहात कॅन्डिडा फोफावते.

पाळी थांबून दशक उलटलेल्या बाईचं लोह कमी झालं, तर 'खाणं कमी पडलं' म्हणून सोडून देऊ नये. वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून थोडं थोडं रक्त जात असू शकतं. मूळव्याध किंवा आतड्याचा विकारही असू शकतो. हा शोध डॉक्टरांनीच घ्यायचा.

उपचार असे: क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोलचं मलम दिवसातून दोन-तीनदा, चीर भरल्यावरही आठवडाभर. टाळूला बुरशीचं वेगळं औषध. कवळी रात्री काढून, ब्रशनं घासून पाण्यात ठेवायची आणि सवड होताच योग्य उंचीची नवी करून घ्यायची. लोहाची गोळी हिमोग्लोबिन सुधारल्यावरही तीनेक महिने घ्यावी लागते, आणि तिच्या आगेमागे तासभर चहा नको. मायकोनाझोलनं वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम धोकादायक वाढतो, तेव्हा ती चालू असेल तर आधी सांगावं. मेडिकलवर मिळणारी 'सगळ्यावर चालणारी' स्टेरॉइडमिश्रित ट्यूब मात्र महिनोन्‌महिने चोळू नये. कातडी आणखी पातळ होते.

एकाच कोपऱ्यात आधी मुंग्या येऊन पुरळाचा घोस उठला, तर ती बहुधा नागीण-कुळातली हर्पीस असते, तिचं औषध निराळं. आणि तंबाखू खाणाऱ्याचा एकाच बाजूचा, कडा टणक झालेला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर मलम थांबवून तुकडा तपासायला द्यावा.