‘म्हणाले की’ आणि ‘म्हणाले,’: लेख तपासताना दोन्हींची गल्लत

तपासायला आलेल्या मराठी लेखात सर्वाधिक वेळा दुरुस्त करावी लागणारी जागा म्हणजे कोणाचे तरी बोलणे जिथे येते ती. पुढचा उतारा पाहा. नमुन्यासाठी रचलेला आहे, पण असे रोज हाताखालून जातात.

अभियंता म्हणाले की, “धरणात सध्या ऐंशी टक्के साठा आहे. मात्र, पाऊस थांबल्यास, उन्हाळ्यात टंचाई जाणवेल.” असे सांगून, त्यांनी ऊस, केळी, आणि भात या पिकांना पाणी जपून देण्याचे आवाहन केले.

इथे दोन वेगळ्या रचना एकमेकींत मिसळल्या आहेत. ‘म्हणाले’ नंतर स्वल्पविराम आणि दुहेरी अवतरणचिन्ह आले की त्यातले शब्द बोलणाऱ्याच्या तोंडचे, जसेच्या तसे असतात. ‘म्हणाले की’ लिहिले की पुढचा मजकूर बातमीदाराने सांगितलेला असतो; त्यात सारांश चालतो, काटछाट चालते.

इंग्रजीत हा फरक चिन्हे नसली तरी बहुतेक वेळा कळतो, कारण सांगताना सर्वनाम आणि काळ बदलतात. मराठीत ते बदलतीलच असे नाही. ‘अध्यक्ष म्हणाले की मी राजीनामा देणार नाही’ या वाक्यातला ‘मी’ अध्यक्षच आहे, हे आपल्याला सहज समजते. म्हणजे ‘की’ नंतरचे वाक्यही हुबेहूब बोलल्यासारखे वाटते. म्हणूनच मराठीत अवतरणचिन्हांवरची जबाबदारी जास्त आहे: हे शब्द खरोखर त्याच व्यक्तीचे आहेत, अशी हमी फक्त तीच देतात. ध्वनिमुद्रण किंवा टिपण हाताशी नसेल, तर अवतरणचिन्हे काढून ‘की’ ठेवावा. शब्द नेमके असतील, तर ‘की’ काढावा. दोन्ही एकत्र ठेवले की ती हमी पातळ होते, आणि हे मला सर्वांत खटकते.

‘की’ नंतरचा स्वल्पविरामही नको. बोलताना आपण तिथे थोडे थांबतो, हे खरे. पण उपवाक्य सुरू झाल्याची खूण ‘की’नेच दिलेली असते. काही ठिकाणी ‘म्हणाले, की’ असे छापतात. ती निराळी शैली आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. एका लेखात एकच पद्धत असावी.

आता पूर्णविराम. उताऱ्यात ‘जाणवेल.’ नंतर अवतरण मिटते आणि लगेच ‘असे सांगून’ येते. ‘असे’ मागच्या बोलण्याकडेच बोट दाखवते, म्हणजे वाक्य अजून चालू आहे. मध्येच पूर्णविराम आल्याने ते तुटते. इंग्रजी वळणाने तिथे अवतरणाच्या आत स्वल्पविराम घालतात: “मी येईन,” असे तो म्हणाला. ‘असे’ किंवा ‘म्हणून’ असताना त्याचीही गरज नाही: “मी येईन” असे तो म्हणाला. प्रश्नचिन्ह मात्र आत राहते, कारण ते बोलणाऱ्याचे आहे: “तू येशील का?” असे तिने विचारले.

बाकीचे स्वल्पविराम इंग्रजी वाक्याच्या सांगाड्यावरून आले आहेत. ‘थांबल्यास’ मधला ‘-ल्यास’ आणि ‘सांगून’ मधला ‘-ऊन’ हे प्रत्ययच दोन क्रियांचे नाते सांगतात. ‘मात्र’ला वाक्याच्या तोंडाशी बसवून पुढे स्वल्पविराम द्यायचीही गरज नसते, ज्या शब्दावर जोर हवा त्याच्यानंतर ‘मात्र’ शोभतो. यादीत ‘आणि’पूर्वीचा स्वल्पविराम काढावा. दुरुस्त उतारा असा होईल:

अभियंता म्हणाले, “धरणात सध्या ऐंशी टक्के साठा आहे. पाऊस थांबल्यास मात्र उन्हाळ्यात टंचाई जाणवेल.” ऊस, केळी आणि भात या पिकांना पाणी जपून देण्याचे आवाहन त्यांनी केले.

नेमके शब्द हाती नसतील तर: अभियंता म्हणाले की सध्या साठा पुरेसा असला तरी पाऊस थांबल्यास उन्हाळ्यात टंचाई जाणवेल.

पण प्रत्ययानंतरचा प्रत्येक स्वल्पविराम डोळे मिटून खोडू नये. ‘सभा संपल्यावर आलेल्या कार्यकर्त्यांशी ते बोलले’ हे वाक्य घ्या. कार्यकर्ते सभा संपल्यावर आले, की ते आधीच आलेले होते आणि बोलणे सभेनंतर झाले? दुसरा अर्थ हवा असेल तर ‘संपल्यावर’ नंतर स्वल्पविराम हवाच. किंवा शब्द हलवावेत: ‘आलेल्या कार्यकर्त्यांशी ते सभा संपल्यावर बोलले’. मला हा दुसरा उपाय अधिक पसंत आहे.

शेवटी आद्याक्षरांतले टिंब. ‘डॉ.’ आणि ‘प्रा.’ यांत शब्द तोडलेला आहे, म्हणून टिंब योग्य. ‘एस.टी.’ मध्ये ‘एस’ आणि ‘टी’ ही अक्षरांची पूर्ण नावे लिहिली आहेत, तोडलेले काहीच नाही. तिथे ‘एसटी’ पुरते. माणसांच्या नावांतली आद्याक्षरे मात्र टिंबासह लिहायची रूढी पक्की आहे, ती तशीच ठेवावी.