फुटपाथपासून एक फूट: गाडी लावण्याच्या नियमांची पार्श्वभूमी

रस्त्याच्या कडेला गाडी कशी लावायची, हे ठरवणारे नियम मोटारीपेक्षा बरेच तरुण आहेत. मोटारी आल्या तेव्हा अमेरिकेतल्या गावांमध्ये मुख्य रस्ते ऐसपैस होते. घोडागाड्या जशा कडेला तिरक्या उभ्या राहत, तशाच मोटारीही राहू लागल्या. नाक फुटपाथकडे आणि शेपूट रस्त्यात. पट्टे नव्हते, अंतराचा आकडा नव्हता. गाड्या थोड्या होत्या, म्हणून चालून गेलं.

तिरक्या पार्किंगचा मोह समजण्यासारखा आहे. समजा, कडेला ६० मीटर मोकळी जागा आहे. एकामागे एक समांतर गाड्या लावल्या आणि प्रत्येकीला ६ मीटर दिले, तर १० गाड्या मावतात. त्याच गाड्या ४५ अंशांत तिरक्या लावल्या (प्रत्येक जागा ५ मीटर लांब, अडीच मीटर रुंद धरून), तर १६ मावतात. ६० अंशांत २० आणि सरळ काटकोनात २४. व्यापाऱ्यांना तिरकं पार्किंग का आवडायचं, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

पण किंमत रस्ता मोजतो. समांतर गाडीला कडेपासून सव्वादोन मीटर पुरतात. ४५ अंशांतली गाडी सव्वापाच मीटर आत येते आणि मागे निघण्यासाठी तिला लगतची लेनही लागते. गाड्या वाढल्या, वेग वाढला, तशी खरी अडचण समोर आली. तिरकी लावलेली गाडी बाहेर काढताना चालक उलटा येतो आणि शेजारची उंच गाडी आड आली की येणारी वाहनं त्याला दिसतच नाहीत. त्याला रस्ता दिसतो तेव्हा त्याचा मागचा भाग लेनमध्ये पोहोचलेला असतो. शहरांनी हळूहळू वर्दळीच्या रस्त्यांवरून तिरकं पार्किंग काढलं. अमेरिकेच्या नमुना वाहतूक संहितेतही त्याची खूण आहे: तिरक्या पार्किंगला स्थानिक संस्था परवानगी देऊ शकते, पण राज्य महामार्गावर किंवा केंद्राच्या निधीतल्या रस्त्यावर ते हवं असेल, तर वाहतुकीला अडथळा होणार नाही इतका रस्ता रुंद असल्याचा निर्वाळा आधी लागतो.

समांतर पार्किंगला शिस्त आली ती मात्र पैशामुळे. १६ जुलै १९३५ रोजी ओक्लाहोमा सिटीत जगातलं पहिलं पार्किंग मीटर बसलं. त्यामागे होते तिथले वृत्तपत्र संपादक कार्ल मगी. बाजारपेठेत काम करणारे लोक सकाळी गाडी लावून संध्याकाळपर्यंत हलवत नसत, त्यामुळे गिऱ्हाइकांना जागा मिळत नसे. तासाला ५ सेंट आकारून हे सोडवायचं होतं. पण एका मीटरवर एकच गाडी असायला हवी, म्हणून रस्त्यावर २० फुटांच्या म्हणजे साधारण ६.१ मीटरच्या जागा आखल्या गेल्या. माझ्या मते पार्किंगच्या इतिहासात मीटरइतकंच महत्त्व या पट्ट्यांना द्यायला हवं. तोवर कडेला ‘जमेल तिथे’ गाडी लागत होती. आता ‘या पट्ट्यांच्या आत’ असा हिशोब सुरू झाला.

२० फूट पुरतात का? हा भूमितीचा प्रश्न आहे. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातले गणिती सायमन ब्लॅकबर्न यांनी २००९ मध्ये त्याचं सूत्र मांडलं. ४ मीटर लांबीची छोटी गाडी घेऊ. वळण्याची त्रिज्या ५.२ मीटर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर, पुढच्या चाकापासून नाकापर्यंत ०.८ मीटर आणि पुढे उभ्या गाडीची रुंदी १.७ मीटर. सूत्राप्रमाणे एकाच फटक्यात शिरायला स्वतःच्या लांबीपेक्षा सुमारे १.५५ मीटर जास्त जागा लागते, म्हणजे एकूण साडेपाच मीटर. २० फुटांत अर्ध्या मीटरचीच सवड उरते, आणि हा हिशोब हात पक्का असलेल्याचा आहे. म्हणूनच अमेरिकेच्या रस्त्यावरच्या खुणांच्या मार्गदर्शिकेत आतल्या समांतर जागा २२ ते २६ फुटांच्या दाखवल्या आहेत. रांगेच्या टोकाच्या जागांना मात्र २० फूट चालतात, कारण तिथे एका बाजूने थेट शिरता किंवा निघता येतं.

जागा निवडताना हाच फरक कामाला येतो. दोन जागा मोकळ्या असतील, तर टोकाची घ्यावी. आतलीच घ्यावी लागली, तर आधी पुढच्या गाडीकडे पाहावं. सूत्रात तिची रुंदी आहे, म्हणजे ती फुटपाथपासून जितकी लांब उभी असेल, तितकी जास्त जागा आपल्याला लागते. ती पट्टा ओलांडून आपल्या जागेत आली असेल, तर ती जागा कागदावरच मोकळी आहे. सोडून द्यावी.

आता अंतर. त्याच नमुना संहितेत कडेच्या बाजूची चाकं फुटपाथला समांतर आणि १२ इंचांच्या म्हणजे ३० सेंटीमीटरच्या आत असावीत, असं आहे. कॅलिफोर्नियात ही मर्यादा १८ इंच, म्हणजे सुमारे ४६ सेंटीमीटर आहे. ब्रिटनमध्ये २००४ च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्यात वेगळ्या बाजूने आकडा येतो: दुहेरी पार्किंग रोखण्याच्या कलमात, गाडीचा कुठलाच भाग रस्त्याच्या कडेपासून ५० सेंटीमीटरच्या आत नसेल, तर तो नियमभंग धरला जातो.

आकडे वेगळे असले, तरी हिशोब एकच आहे. ६ फूट रुंद गाडी एक फूट सोडून उभी केली, तर ७ फूट जागा व्यापली जाते. पार्किंगसाठी आखलेली जागा साधारण ७ ते ८ फूट रुंद असते. दोन फूट सोडले, तर आरसा जाणाऱ्या लेनमध्ये आलाच. चाकं अगदी चिकटवावीत असंही नाही. फुटपाथच्या कडेला घासून टायरची बाजू फाटते आणि बाहेरून दिसत नसली, तरी आतली विण तुटलेली असू शकते.

हे अंतर बिघडतं ते एकाच क्षणी. रिव्हर्स घेताना गाडीचा मागचा भाग आत घेऊन स्टिअरिंग उलट वळवायचं असतं. आपला पुढचा कोपरा समोरच्या गाडीच्या मागच्या बंपरपासून निसटला की ते वळवावं. लवकर वळवलं, तर गाडी समांतर होते, पण ५०-६० सेंटीमीटर बाहेर राहते. उशीर केला, तर मागचं चाक कडेला आदळतं. पहिली चूक पट्ट्यांतच पुढे-मागे करून सुधारत बसणाऱ्यांना थोडंच अंतर हाती लागतं, कारण पुढे-मागे सरकायला दीड-दोन मीटरच असतात. सरळ बाहेर निघून पुन्हा घेतलेलं बरं. आणि अंतर पाहायचं ते दोन्ही चाकांपाशी. मागचं चाक २० सेंटीमीटरवर आणि पुढचं ४० वर असेल, तर १२ इंचांचा नियम मोडलेलाच आहे. फुटपाथच्या बाजूचा आरसा खाली झुकवला की मागचं चाक दिसतं. पुढच्यासाठी उतरून पाहावं लागतं.

तिरकं पार्किंग संपलं मात्र नाही. सिएटलसारख्या शहरांत ते उलट्या बाजूने टिकलं आहे. तिथे बऱ्याच रस्त्यांवर गाडी पाठीमागे घेऊन तिरकी लावतात. शिरताना कष्ट तेवढेच, पण निघताना चालकाचा चेहरा रस्त्याकडे असतो, त्यामुळे सायकलस्वार वेळेत दिसतो आणि सामानाची डिकी फुटपाथकडे उघडते. अशा जागेत खुणेच्या उलट नाक आत घालून लावणारेही असतात. ते निघताना मात्र जुन्याच अडचणीत सापडतात: शेजारची गाडी आड, रस्ता दिसत नाही, आणि मागचा भाग आधी लेनमध्ये.