कडेचे कोपर काढणे (छायाचित्र-संपादन)

फोटोच्या कडेने आत शिरलेला, कोणाचा ते न दिसणारा हात किंवा कोपर पुसून त्यामागचे दृश्य पुन्हा उभे करण्याचे काम. लग्न, मुंज, साखरपुडा अशा गर्दीच्या फोटोंत ते सारखे करावे लागते, कारण स्टेजच्या कडेला मोबाइल उंचावून कोणी ना कोणी उभे असतेच.

फोटोच्या मधला खांब पुसायचा असेल तर त्याच्या दोन्ही अंगांना पार्श्वभूमी दिसत असते. कडेच्या कोपराचे तसे नसते. त्याला तीनच बाजू; चौथीकडे चित्रच संपलेले असते. कडेकडे जाणारी एखादी आडवी रेषा कोपराआड गेली की ती पलीकडे कुठे निघते हे पाहायची सोय नाही. दिसतो तेवढ्या तुकड्यावरून ती पुढे ओढत न्यावी लागते. या अडचणीच्या बदल्यात एक सवलत मिळते: कड कातरून टाकता येते. म्हणून पहिला विचार कातरण्याचाच करावा. 6000 × 4000 पिक्सेलचा आडवा फोटो 10 × 8 इंचांच्या कागदावर छापायचा असेल, तर रुंदीतले 1000 पिक्सेल तसेही जाणार असतात. पुष्कळ कोपरे तिथेच निकालात निघतात आणि हौशी माणूस उगाच तासभर घासत बसतो.

कातरून भागत नाही असे एक उदाहरण घेऊ. त्याच मापाच्या फोटोत नवरीशेजारी मावशी उभी आहे. उजव्या कडेने पांढऱ्या शर्टाचे कोपर 420 पिक्सेल आत आले आहे. मावशीचा खांदा त्याच कडेपासून 380 पिक्सेलवर सुरू होतो, म्हणजे कोपराच्या टोकाने खांद्याचा 40 पिक्सेलचा तुकडा झाकला आहे. बाकीच्या कोपरामागे मरून पडदा आणि झेंडूची एक माळ. कोपर जाईल इतके कातरले तर खांदाही छाटला जातो, आणि चौकटीला घासून कापलेला खांदा कोपराहूनही वाईट दिसतो.

अशा वेळी आधी मागचे-पुढचे फोटो उघडावेत. फोटोग्राफरने एका पोझचे तीन-चार फोटो काढलेले असतात आणि तो पाहुणा दरवेळी तिथेच उभा नसतो. शेजारच्या फोटोतला पडद्याचा तुकडा आणून बसवला तर काही रचावेच लागत नाही. फोटोशॉपमध्ये दोन्ही फोटो वेगवेगळ्या लेयरवर ठेवून Auto-Align Layers चालवले की कॅमेऱ्याच्या किंचित हालण्याचा फरकही जुळतो. मावशी मात्र दोन फोटोंमध्ये हललेली असते. खांद्यासाठी हा उपाय क्वचितच चालतो.

तसा फोटो नसेल तर काम हाताने. मूळ लेयरला हात न लावता वर एक रिकामी लेयर घ्यावी आणि एका जागेचे चित्र दुसऱ्या जागी उमटवणाऱ्या क्लोन स्टॅम्पला Sample: Current & Below सांगावे. मग कोपर नेमके कुठवर आहे ते ठरवायचे, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. कॅमेऱ्याजवळचे असल्यामुळे कोपर फोकसबाहेर असते. त्याची कड एका रेषेवर संपत नाही, पडद्यात विरघळत जाते. डोळ्याला कड संपली असे वाटते त्यापुढेही 20-30 पिक्सेल पांढुरकी झाक असते. तीही निवडीत घ्यावी. फ्लॅशमुळे पडद्यावर पडलेली कोपराची सावलीही गेलीच पाहिजे. कोपर नाही आणि सावली आहे, असे अल्बम सर्रास पाहायला मिळतात. त्या हाताचा उरलेला भाग आणखी कुठे दिसतो का तेही पाहावे. एकदा कोपर सफाईने गेले आणि खाली खुर्चीच्या पाठीवर चार बोटे तशीच राहिली, हे छापून आल्यावर कळले.

आता भरायला सुरुवात. आधी रेषा, मग मोकळी जागा. पडद्याची प्रत्येक चुणी कोपराच्या वर आणि खाली दिसते, तेव्हा ती वरून खाली जोडत आणायची. माळेसाठी शेजारची माळ उचलू नये. दोन सारखी फुले बाजूबाजूला आली की नजर तिथेच अडकते. शिवाय फोटोचा मधला भाग उजळ असतो आणि कडेकडे प्रकाश उतरत जातो. मधली माळ कडेला आणली तर ती दिव्यासारखी चमकते. चांगली जागा म्हणजे डाव्या कडेची, तेवढ्याच उंचीवरची माळ. तिथला उजेड तितकाच उतरलेला असतो. Clone Source पॅनेलमधून ती आडवी उलटवून घेता येते. प्रकाश एका बाजूच्या खिडकीतून येत असेल तर मात्र उलटवलेल्या फुलांच्या सावल्या चुकीच्या बाजूला पडतात.

हीलिंग ब्रश फोटोशॉपमध्ये 2002 साली सातव्या आवृत्तीत आला आणि 2010 च्या CS5 मध्ये निवडलेली जागा भोवतालावरून आपोआप भरणारे कंटेंट-अवेअर फिल. हीलिंग ब्रश पोत एका जागेचा घेतो आणि रंग-उजेड भोवतालाशी जुळवतो. भोवतालात कोपराचा पांढरा अंश उरला असेल तर तो त्याच्याशीही इमानाने जुळवतो, आणि मरून पडद्यावर पांढरी धुरी पसरते. म्हणून आधी क्लोनने कोपर पूर्ण झाकावे. हीलिंग नंतर, फक्त सांधे मिटवायला. कंटेंट-अवेअर फिल साध्या भिंतीवर चोख चालते, पण त्याला मोकळे सोडले तर पडद्यात मावशीच्या साडीचा काठ उगवतो.

खांदा शेवटी. आधी पेन टूलने खांद्याची वळणरेषा वरच्या दिसणाऱ्या भागातून खालपर्यंत आखून तिची निवड करावी, आत ब्लाउजच्याच मोकळ्या भागातले कापड भरावे आणि निवडीची कड फोटोतल्या खऱ्या खांद्याइतकीच मऊ ठेवावी. चाळीस पिक्सेल कापड रचता येते. त्या जागी बोटे किंवा चेहऱ्याचा भाग झाकलेला असता तर काम घेऊच नये. तिथे भरलेले काहीही त्या माणसाचे नसते.

तपासणीसाठी फोटो आडवा उलटवून, छोटा करून पाहावा. सवयीने न दिसणारे डाग लगेच टोचतात. मग वर कर्व्ह्जची लेयर टाकून कॉन्ट्रास्ट अतोनात वाढवावा. दुरुस्तीची जागा शेजारपेक्षा गुळगुळीत दिसली तर फोटोतला बारीक दाणा, म्हणजे नॉइज, हरवला आहे असे समजावे आणि तेवढ्याच जागेवर थोडा घालावा.

घरच्या अल्बममध्ये याला कोणाचा आक्षेप नसतो, बातमीच्या फोटोत असतो. सप्टेंबर 2013 मध्ये सीरियात काढलेल्या एका फोटोच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता. मेक्सिकन छायाचित्रकार नार्सिसो कॉन्त्रेरास यांनी जमिनीचा तुकडा क्लोन करून तो कॅमेरा झाकला. आदल्याच वर्षीच्या कामासाठी पुलित्झर मिळालेल्या चमूत ते होते. तरी जानेवारी 2014 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्यांच्याशी संबंध तोडले. 2010 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेने स्तेपान रुदिक यांचे बक्षीस काढून घेतले, ते फोटोत दिसणारा पावलाचा तुकडा पुसल्याबद्दल. त्याच फोटोचा मोठा भाग त्यांनी कातरून टाकला होता, त्याला परीक्षकांची हरकत नव्हती.